कठड्याची लांबी आणि उभ्या गजांची संख्या

बाल्कनी, गच्ची किंवा जिना यांच्या उघड्या कडेवरून माणूस खाली पडू नये म्हणून बसवलेल्या अडसराला कठडा (बोलीभाषेत रेलिंग) म्हणतात. लोखंडी, स्टेनलेस स्टीलच्या किंवा लाकडी कठड्यात वरची हँडरेल, खालची आडवी पट्टी, ठरावीक अंतरावरील खांब आणि त्यांच्या दरम्यान बसवलेले उभे गज हे मुख्य भाग असतात. कडेची लांबी, कठड्याची उंची आणि दोन गजांमधील कमाल फट ठरली की गजांची संख्या, प्रत्येक गजाची लांबी व एकूण साहित्य गणिताने काढता येते.

ही गणना बेरीज, वजाबाकी व भागाकारापलीकडे फारशी जात नाही. तरीही तिच्यात काही चुका वारंवार होतात. गजाची स्वतःची जाडी विसरली जाते, फटींची संख्या गजांइतकीच धरली जाते, भागाकाराचे उत्तर खालच्या पूर्णांकात घेतले जाते किंवा जिन्याच्या तिरप्या लांबीवरून गज मोजले जातात. यांतील काही चुकांमुळे केवळ साहित्य वाया जाते. काहींमुळे मात्र लहान मूल निसटू शकेल एवढी फट कठड्यात राहते.

## संज्ञा

मोकळी फट म्हणजे एका गजाच्या कडेपासून शेजारच्या गजाच्या समोरील कडेपर्यंतचे अंतर. सुरक्षिततेचा नियम याच अंतराला लागू होतो.

केंद्रांतर म्हणजे एका गजाच्या मध्यापासून पुढच्या गजाच्या मध्यापर्यंतचे अंतर. ते मोकळी फट अधिक एका गजाची जाडी एवढे असते. गज बसवण्यासाठी खुणा करताना हे अंतर उपयोगी पडते.

खण म्हणजे दोन खांबांच्या किंवा खांब व भिंत यांच्या आतील कडांमधील मोकळी जागा. गजांची गणना प्रत्येक खणासाठी स्वतंत्रपणे करतात.

फॅब्रिकेशनच्या कामात आजही इंच आणि सूत ही मापे बोलली जातात. एका इंचात ८ सूत असल्याने ४ सूत म्हणजे अर्धा इंच, अर्थात १२.७ मि.मी. होतात, व्यवहारात १२ मि.मी.च्या गजालाही चार सुती गज म्हटले जाते. ‘चार इंचांवर गज लावा’ या सूचनेचे मात्र दोन अर्थ होतात. चार इंच (१०१.६ मि.मी.) ही मोकळी फट असेल, तर ती १०० मि.मी.ची मर्यादा ओलांडते. तेच केंद्रांतर असेल, तर १२ मि.मी. गजासाठी मोकळी फट ८९.६ मि.मी. एवढीच राहते. म्हणून मागणी नोंदवताना अंतर कोठून कोठपर्यंतचे आहे, हे लिहिणे आवश्यक ठरते.

## फटीची आणि उंचीची मर्यादा

गजांमधील फटीची मर्यादा लहान मुलांच्या शरीरावरून ठरवलेली आहे. लहान मुलाचे डोके त्याच्या धडाच्या मानाने मोठे असते. त्यामुळे फट पुरेशी अरुंद नसेल तर मूल पायांकडून बाहेर सरकू शकते आणि त्याचे धड निसटून डोके अडकण्याचा धोका असतो. हा धोका टाळण्यासाठी अनेक देशांच्या नियमांत ठरावीक व्यासाचा गोल कठड्याच्या कोणत्याही उघड्या भागातून जाता कामा नये, अशी कसोटी दिलेली असते. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांचा वावर अपेक्षित असलेल्या इमारतींसाठी हा व्यास १०० मि.मी. आहे. अमेरिकेतील आदर्श इमारत संहितांमध्ये तो ४ इंच, तर ऑस्ट्रेलियात १२५ मि.मी. आहे. भारतात कठड्याचे नियम राष्ट्रीय इमारत संहिता आणि त्या त्या राज्याची वा शहराची बांधकाम नियमावली यांत दिलेले असतात. प्रत्यक्ष कामासाठी स्थानिक नियमच पाहावा लागतो. या लेखातील उदाहरणांत १०० मि.मी. ही मर्यादा धरली आहे.

बाल्कनीच्या कठड्याची उंची साधारणतः १ ते १.२ मीटर ठेवली जाते. ती पूर्ण झालेल्या फरशीपासून मोजतात. उघड्या स्लॅबवरून माप घेतले आणि नंतर ५० मि.मी. जाडीचा मसाला व फरशी बसली, तर कठडा तेवढाच ठेंगणा होतो. कठड्याला लागून पाय ठेवता येईल असा कट्टा असल्यास त्या कट्ट्यावर उभ्या राहिलेल्या मुलासाठी कठड्याची उंची कट्ट्यापासूनच सुरू होते.

आडव्या गजांचा कठडा शिडीसारखा चढता येतो. लहान मुले असलेल्या घरांत उभ्या गजांना प्राधान्य मिळते, त्याचे हेच कारण आहे.

## सरळ कठड्याचे सूत्र

दोन खांबांमधील खणात एक गज लावला तर दोन फटी होतात. दोन गज लावले तर तीन. दोन्ही टोकांना खांब असल्याने फटींची संख्या गजांच्या संख्येपेक्षा नेहमी एकाने जास्त असते. खणाची लांबी ही सर्व गजांची जाडी आणि सर्व फटी यांची बेरीज असते. खणाची लांबी L, गजाची जाडी t, मोकळी फट g आणि गजांची संख्या n मानल्यास:

```
L = n × t + (n + 1) × g
```

यावरून कमाल फट g दिलेली असताना लागणारे गज असे मिळतात:

```
n = (L − g) ÷ (t + g)
```

हे उत्तर बहुधा अपूर्णांकात येते. ते नेहमी वरच्या पूर्णांकात घ्यावे लागते. अपूर्णांक कितीही लहान असला तरी खालचा पूर्णांक घेतल्यास फट मर्यादेपेक्षा मोठी होते. नेहमीच्या व्यवहारात ०.५ पेक्षा कमी अपूर्णांक सोडून देण्याची सवय असते. ती येथे चालत नाही. संख्या पूर्णांकात घेतल्यानंतर प्रत्यक्ष फट पुन्हा काढतात:

```
g = (L − n × t) ÷ (n + 1)
```

गणना या तीन पायऱ्यांत पूर्ण होते. पहिल्या पायरीत मर्यादेवरून संख्या मिळते, दुसरीत ती वरच्या पूर्णांकात जाते आणि तिसरीत त्या संख्येवरून खरी फट मिळते. कठडा याच खऱ्या फटीने आखतात. तिसरी पायरी गाळून १०० मि.मी.नेच खुणा करत गेल्यास सगळा फरक शेवटच्या फटीत जमा होतो व ती इतरांपेक्षा उघडपणे वेगळी दिसते.

स्प्रेडशीटमध्ये पहिल्या दोन पायऱ्या एकाच सूत्राने होतात. लांबी A2, जाडी B2 व कमाल फट C2 या घरांत असेल तर:

```
=ROUNDUP((A2-C2)/(B2+C2),0)
```

## उदाहरण : ३.२ मीटरची बाल्कनी

एका बाल्कनीची उघडी कड दोन भिंतींच्या दरम्यान ३,२०० मि.मी. लांब आहे. कठड्याला ४० मि.मी. चौरस पाइपचे तीन खांब आहेत : दोन भिंतींना लागून आणि एक बरोबर मध्ये. गज १२ मि.मी. चौरस आहेत.

प्रथम खांबांची जाडी वजा करतात. ३,२०० मधून १२० गेल्यावर ३,०८० मि.मी. उरतात, म्हणजे प्रत्येकी १,५४० मि.मी.चे दोन खण मिळतात. एका खणासाठी (१,५४० − १००) ÷ (१२ + १००) = १२.८६ येते, म्हणून १३ गज लागतात. प्रत्यक्ष फट (१,५४० − १५६) ÷ १४ = ९८.८६ मि.मी. होते. दोन खणांना मिळून २६ गज लागतात.

| एका खणातील गज | फटी | प्रत्येक फट (मि.मी.) | १०० मि.मी. मर्यादेत? |
|---|---|---|---|
| १२ | १३ | १०७.३८ | नाही |
| १३ | १४ | ९८.८६ | होय |
| १४ | १५ | ९१.४७ | होय |

खांबांचा विचार न करता ३,२०० मि.मी.ला थेट १०० ने भागले असते, तर ३२ हा आकडा मिळाला असता आणि सहा गज विनाकारण जास्त आले असते. अशी ढोबळ गणना बहुधा सुरक्षित बाजूला चुकते, त्यामुळे ती लक्षातही येत नाही. परंतु साहित्य, वेल्डिंग व रंग यांचा खर्च वाढतो.

येथे आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. ९८.८६ मि.मी.ची फट मर्यादेपेक्षा जेमतेम १.१४ मि.मी.ने कमी आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने गज थोडा ओढला गेला किंवा खूण एक-दोन मि.मी. सरकली, तर एका बाजूची फट १०० च्या पुढे जाऊ शकते. त्यामुळे सावध कारागीर गणनेतच मर्यादा थोडी कमी धरतात. याच खणात ९७ मि.मी. धरल्यास (१,५४० − ९७) ÷ १०९ = १३.२४, म्हणजे १४ गज येतात आणि फट ९१.४७ मि.मी. होते. प्रत्येक खणात एक गज वाढतो, पण हातकामातील चुकीला सुमारे साडेआठ मि.मी.ची मुभा मिळते.

बाल्कनी काटकोनात वळत असेल तर प्रत्येक बाजू वेगळी मोजतात आणि कोपऱ्यातील खांब एकदाच धरतात. दोन बाजूंची लांबी एकत्र करून काढलेली संख्या सहसा जुळत नाही, कारण पूर्णांकात घेण्याची पायरी प्रत्येक खणासाठी स्वतंत्र असते. खण वेगवेगळ्या लांबीचे असल्यास त्यांतील फटीही किंचित वेगळ्या येतात. हा फरक डोळ्यांना खटकू नये म्हणून शक्य तेथे खांबांच्या जागाच अशा ठरवतात की खण समान होतील.

## खुणा करण्याची पद्धत

वरील १३ गजांच्या खणात केंद्रांतर ९८.८६ + १२ = ११०.८६ मि.मी. आहे. टेपवर अर्ध्या मि.मी.पेक्षा लहान माप वाचता येत नाही, म्हणून आकडा सोईस्कर करण्याचा मोह होतो. समजा, ‘मर्यादेच्या आत राहू’ या विचाराने ९८ मि.मी.चा लाकडी ठोकळा कापला आणि तो प्रत्येक गजानंतर लावत पुढे सरकत गेलो. तेरा फटी व तेरा गज मिळून १,२७४ + १५६ = १,४३० मि.मी. होतात आणि शेवटच्या फटीसाठी ११० मि.मी. उरतात. प्रत्येक फट सुरक्षित करण्याच्या प्रयत्नात शेवटची फट असुरक्षित झाली. याउलट ९९ मि.मी.चा ठोकळा वापरल्यास शेवटची फट ९७ मि.मी. येते, जी मर्यादेत आहे आणि इतर फटींपेक्षा वेगळीही दिसत नाही.

मुद्दा असा की प्रत्येक फटीतील अल्प चूक फटींच्या संख्येने गुणली जाते. ती टाळण्यासाठी सर्व खुणा एकाच टोकापासून मोजतात. टेप खांबाच्या आतील कडेला धरून न हलवता प्रत्येक गजाच्या डाव्या कडेचे अंतर लिहिले जाते. पहिल्या गजासाठी ते ९८.९, दुसऱ्यासाठी २०९.७, तिसऱ्यासाठी ३२०.६ मि.मी. असते आणि तेराव्यासाठी १,४२९.१ मि.मी. प्रत्येक आकडा शेवटी स्वतंत्रपणे पूर्णांकात घेतला तरी चूक अर्ध्या मि.मी.च्या पुढे जात नाही व साठतही नाही.

आखणी तपासण्याचा सोपा मार्गही आहे. गजांची संख्या विषम असेल तर मधला गज खणाच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. संख्या सम असेल तर मध्यावर फटीचा मध्य आला पाहिजे. या उदाहरणात सातव्या गजाची डावी कड ७६४ मि.मी.वर येते. त्यात अर्धी जाडी, म्हणजे ६ मि.मी., मिळवली की ७७० मि.मी. होतात, जे १,५४० च्या निम्मे आहेत. वरच्या आणि खालच्या पट्टीवरील खुणा एकाच वेळी, दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून केल्यास गज ओळंब्यात उभे राहतात.

## जिन्याचा कठडा

जिन्यावर हँडरेल तिरपी असते, पण गज उभेच राहतात. त्यामुळे दोन वेगळ्या लांबी वापराव्या लागतात. हँडरेल व खालची पट्टी यांच्यासाठी तिरपी लांबी लागते. गजांच्या संख्येसाठी आडवी लांबी. दोन उभ्या समांतर गजांमधील खरी फट ही त्यांच्यातील लंब अंतराएवढी, म्हणजेच आडवी असते. तिरप्या हँडरेलवर मोजलेले अंतर त्यापेक्षा नेहमी मोठे भरते.

तिरपी लांबी पायथागोरसच्या प्रमेयाने मिळते. आडवे अंतर आणि चढ या काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा असून तिरपी लांबी हा कर्ण असतो.

एका जिन्याच्या पायरीची रुंदी २७० मि.मी. आणि उंची १६५ मि.मी. आहे. वरच्या व खालच्या खांबांच्या आतील कडांमधील आडवे अंतर दहा पायऱ्यांच्या रुंदीएवढे, म्हणजे २,७०० मि.मी. आहे व तेवढ्या अंतरात चढ १,६५० मि.मी. आहे. तिरपी लांबी √(२,७००² + १,६५०²) = ३,१६४ मि.मी. येते. तिरपी लांबी व आडवी लांबी यांचे गुणोत्तर १.१७२ आहे आणि उताराचा कोन सुमारे ३१.४ अंश.

गजांसाठी आडवी लांबी घेतल्यास (२,७०० − १००) ÷ ११२ = २३.२१, म्हणून २४ गज लागतात. प्रत्यक्ष फट (२,७०० − २८८) ÷ २५ = ९६.४८ मि.मी. होते. येथे ०.२१ हा अपूर्णांक सोडून २३ गज घेतले असते, तर फट १०१ मि.मी. झाली असती आणि १०० मि.मी.चा गोल तिच्यातून सहज गेला असता. तिरप्या लांबीवरून मोजले असते, तर २८ गज आले असते, म्हणजे चार जास्त.

खुणा तिरप्या पट्टीवरच कराव्या लागत असल्याने आडवे केंद्रांतर तिरप्या मापात बदलून घेतात. आडवे केंद्रांतर ९६.४८ + १२ = १०८.४८ मि.मी. आहे, त्याला १.१७२ ने गुणल्यावर १२७.१ मि.मी. मिळतात. पट्टीवर खुणा या अंतराने होतात. गुणाकार विसरून १०८.४८ मि.मी.नेच खुणा केल्यास चोविसावा गज वरच्या खांबापासून बराच अलीकडे पडतो आणि शेवटी सुमारे ४७८ मि.मी.ची मोकळी जागा उरते. ही चूक जागेवर लगेच दिसते, परंतु तोपर्यंत गज जोडून झालेले असतात.

### ‘एका पायरीला दोन गज’

जिन्यावर प्रत्येक पायरीला दोन गज बसवण्याची पद्धत रूढ आहे. ती दिसायला नेटकी असते, कारण प्रत्येक पायरीवर गज सारख्याच जागी येतात. पण फट पायरीच्या रुंदीवरून आपोआप ठरते. २७० मि.मी. रुंद पायरीवर दोन गजांचे केंद्रांतर १३५ मि.मी. असते, १२ मि.मी.चा गज वजा करता १२३ मि.मी.ची फट राहते, जी मर्यादेबाहेर आहे.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी जिन्याच्या पायरीची किमान रुंदी २५० मि.मी. दिली आहे. त्या किमान रुंदीलाही १२ मि.मी.चे दोन गज ११३ मि.मी.ची फट सोडतात. म्हणजेच १०० मि.मी. ही मर्यादा पाळायची असेल, तर बारीक लोखंडी गजांच्या बाबतीत ही रूढ पद्धत कोणत्याही नियमाप्रमाणे बांधलेल्या निवासी जिन्याला पुरत नाही. लाकडी कठड्याचे दांडे जाड असल्याने तेथे ती चालू शकते : २५० मि.मी. पायरीवर ३२ मि.मी. जाडीचे दोन दांडे ९३ मि.मी.ची फट ठेवतात. बारीक गज वापरायचे असल्यास पायरीला तीन गज लावतात किंवा पायऱ्यांचा मेळ सोडून वरीलप्रमाणे संपूर्ण खणाची गणना करतात.

### पायरीजवळील त्रिकोण

गज खालच्या तिरप्या पट्टीवर संपत असतील, तर पट्टी आणि पायरी यांच्यामध्ये प्रत्येक पायरीवर एक त्रिकोणी जागा उघडी राहते. गजांची संख्या बरोबर असली तरी ही जागा गणनेतून सुटते. पट्टी पायऱ्यांच्या पुढील कडांना अगदी टेकून असली, तर वरील जिन्यात या काटकोन त्रिकोणात मावणाऱ्या वर्तुळाचा व्यास दोन भुजांच्या बेरजेतून कर्ण वजा करून मिळतो : १६५ + २७० − ३१६.४ = ११८.६ मि.मी. पट्टी कडांपासून वर उचलली तर तो आणखी वाढतो.

अमेरिकेतील संहितांमध्ये केवळ या त्रिकोणासाठी ६ इंच (१५२ मि.मी.) गोलाची वेगळी मर्यादा आहे. या जिन्यात पट्टी पायऱ्यांच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपासून लंब अंतराने सुमारे ४० मि.मी. वर असेपर्यंत ती पाळली जाते. तेथेही १०० मि.मी.चीच मर्यादा हवी असल्यास तिरपी पट्टी पुरेशी ठरत नाही. गज थेट पायऱ्यांवर उतरवावे लागतात.

## गजाची लांबी व साहित्य

बाल्कनीच्या गजाची लांबी एकूण उंचीतून आडव्या भागांची जाडी आणि खालची मोकळी जागा वजा करून मिळते. हँडरेलचा माथा फरशीपासून १,१०० मि.मी.वर, हँडरेलची जाडी ४०, खालच्या पट्टीची जाडी २५ आणि तिच्याखाली ८० मि.मी. मोकळी जागा असेल, तर गज १,१०० − ४० − २५ − ८० = ९५५ मि.मी.चा असतो. खालची मोकळी जागा ही देखील एक फटच असल्याने तीही मर्यादेच्या आत असावी लागते.

लोखंडी गज बाजारात साधारणपणे ६ मीटर लांबीचे मिळतात. किती गज विकत घ्यायचे, हे एकूण लांबीला ६ ने भागून काढणे योग्य नाही. एका लांबीतून किती पूर्ण तुकडे निघतात, ते पाहावे लागते. ९५५ मि.मी.चे सहा तुकडे आणि प्रत्येक कापासाठी सुमारे ३ मि.मी. धरून ५,७४८ मि.मी. लागतात. म्हणजे एका लांबीतून सहा तुकडे निघतात व २६ गजांसाठी पाच लांबी पुरतात.

आता कठड्याची उंची १०० मि.मी.ने वाढवून १,२०० केली, तर गज १,०५५ मि.मी.चा होतो. एकूण लांबी २७.४ मीटर भरते आणि तिला ६ ने भागल्यास ४.६, म्हणून पाच लांबी पुरतील असे वाटते. परंतु एका लांबीतून आता पाचच तुकडे निघतात. पाच लांबीतून २५ गज होतात आणि सव्विसाव्या गजासाठी सहावी लांबी घ्यावी लागते. उरलेल्या पाच तुकड्यांपैकी प्रत्येक सुमारे ७०० मि.मी.चा असतो आणि याच कठड्यात तो उपयोगी पडत नाही. लोखंड वजनावर विकले जाते. १२ मि.मी. चौरस गजाचे वजन मीटरला सुमारे १.१३ किलो असल्याने ६ मीटरच्या प्रत्येक लांबीमागे सुमारे ६.८ किलोंचा फरक पडतो.

जिन्याच्या गजाची लांबी ओळंब्यात मोजतात. तिरप्या पट्टीची ओळंब्यातील जाडी तिच्या प्रत्यक्ष जाडीपेक्षा जास्त असते आणि ती वर काढलेल्या १.१७२ या गुणोत्तरानेच मिळते. ४० मि.मी.ची हँडरेल ओळंब्यात ४६.९ मि.मी. आणि २५ मि.मी.ची पट्टी २९.३ मि.मी. भरते. हँडरेलचा माथा पायऱ्यांच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपासून ९०० मि.मी. वर व खालची पट्टी ४० मि.मी. वर असल्यास गज सुमारे ७८४ मि.मी.चा येतो. त्याची दोन्ही टोके ३१.४ अंशांनी, एकमेकांना समांतर कापावी लागतात. एका टोकाचा तिरपा काप हाच पुढच्या गजाच्या टोकाचा काप होत असल्याने तिरपेपणामुळे जास्तीचे साहित्य फारसे लागत नाही.

ठेकेदार कठड्याची मजुरी बऱ्याचदा धावत्या फुटावर आकारतात. जिन्यावर हे फूट तिरप्या लांबीचे आहेत की आडव्या, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. वरील जिन्यात पहिले १०.४ फूट आणि दुसरे ८.९ फूट भरतात.

## तयार कठड्याची तपासणी

गणना बरोबर असूनही तयार कठड्यात फट वाढलेली असू शकते. लांब, बारीक गज मध्यावर वाकतात, आणि टोकांजवळ योग्य असलेली फट मध्यभागी मोठी होते. म्हणून तपासणी गजांच्या मध्याजवळ करतात. १०० मि.मी. व्यासाचा लाकडी किंवा प्लास्टिकचा गोल प्रत्येक फटीत हाताने हलकेच दाबून पाहिला जातो. तो कोठेही पलीकडे जाता कामा नये. नळकामातील ११० मि.मी. बाह्य व्यासाचा पाइप या तपासणीला उपयोगाचा नाही, कारण तो अडला तरी फट १०० मि.मी.पेक्षा मोठी असू शकते.

भिंत आणि टोकाचा खांब यांच्यातील जागा, दोन खांबांच्या कोपऱ्यातील जागा, खालच्या पट्टीखालील जागा आणि जिन्यावरील त्रिकोण ही ठिकाणे गजांच्या सूत्रात येत नाहीत. त्यामुळे बहुतेक वेळा मर्यादेबाहेरची फट तेथेच सापडते. विशेषतः भिंतीचा गिलावा ओळंब्यात नसेल, तर खांब वर भिंतीला टेकतो आणि खाली त्याच्यामागे पाचरीसारखी जागा उरते. अशी जागा आढळल्यास एखादा जास्तीचा गज किंवा पट्टी जोडून ती बंद केली जाते.